चेंडू पायाशी कसा मरतो?

टेनिस बॉलवर वाढलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा सीझन बॉलच्या नेटमध्ये उभी राहते, तेव्हा एक कोडं हमखास पडतं. ऑफस्पिनर चेंडू टाकतो, ती पाय पुढे टाकून बॅट लावते, चेंडू बॅटच्या अगदी मधोमध लागतो. कड लागलेली नसते, नजर चुकलेली नसते. तरीही चेंडू टुणकन उडून दोन मीटरवर वाकून उभ्या असलेल्या सिली पॉइंटच्या हातात जातो. पुढच्या नेटमध्ये एखादा मुरलेला फलंदाज तसाच चेंडू तशाच बॅटने खेळतो आणि चेंडू त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर लोळत थांबतो. दोघांनीही चेंडू अडवलाच. मग एकीचा झेल गेला आणि दुसऱ्याचा चेंडू पायाशी मेला, असं का?

उत्तर हातात आहे असं वाटतं, आणि शेवटचा टप्पा हातांचाच असतो. पण हात चुकतात त्याचं कारण बहुधा वर असतं, डोक्याच्या जागेत. फॉरवर्ड डिफेन्स, म्हणजे पुढचा पाय टाकून केलेला बचाव, ही एक साखळी आहे. डोकं योग्य जागी गेलं तर बॅट सरळ येते, बॅट सरळ आली तर हात सैल राहू शकतात, आणि हात सैल राहिले तर चेंडू पायाशी मरतो. ही साखळी कडी-कडीने उलगडून पाहू. सोयीसाठी फलंदाज उजवा धरला आहे. डावऱ्या वाचकांनी डावं-उजवं उलटं करून घ्यावं.

पुढे जायचंच कशासाठी?

आधी एक चेंडू नीट तपासू. गोलंदाज ऑफस्पिनर आहे. त्याचा चेंडू हातातून ताशी 75 किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो आणि टप्पा पडल्यावर ताशी 54 किलोमीटरवर येतो. म्हणजे टप्प्यानंतर तो सेकंदाला 15 मीटर जातो. तो ऑफस्टंपच्या किंचित बाहेर पडतो आणि 6 अंशांनी आत वळतो. टप्पा स्टंपपासून पावणेतीन मीटरवर पडला असं धरू.

फलंदाजाची क्रीज स्टंपच्या पुढे 4 फूट, म्हणजे 1.22 मीटरवर असते. फलंदाज जागच्या जागी उभा राहून क्रीजवरच बॅट लावत असेल, तर टप्पा आणि बॅट यांच्यात दीड मीटरचं अंतर राहतं. तेवढ्या अंतरात 6 अंशांनी वळलेला चेंडू 16 सेंटीमीटर बाजूला सरकतो. बॅटची रुंदी नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 10.8 सेंटीमीटर असते. थोडक्यात, वळण्याआधीच्या रेषेत धरलेली बॅट आणि वळलेला चेंडू यांची गाठच पडत नाही. चेंडू बॅट आणि पॅडच्या मधून आत शिरतो.

आता फलंदाजाने पाऊल पुढे टाकलं आणि बॅट स्टंपपासून 2.2 मीटरवर चेंडूला भेटली. टप्प्यापासूनचं अंतर उरलं 55 सेंटीमीटर आणि चेंडू सरकला जेमतेम 6 सेंटीमीटर. बॅटची अर्धी रुंदी 5.4 आणि चेंडूची त्रिज्या साडेतीनच्या जरा वर, दोन्ही मिळून 9 सेंटीमीटर होतात. त्यामुळे वळणाचा अंदाज पूर्ण चुकला तरी चेंडू बॅटला कुठे तरी लागतोच. मधोमध नाही लागला तरी स्टंपवर जात नाही.

इथे वेळेचाही हिशोब आहे. डोळ्यांनी पाहिलेली नवी गोष्ट हातापर्यंत पोहोचून हालचाल बदलायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. 55 सेंटीमीटर अंतर चेंडू एका सेकंदाच्या सत्ताविसाव्या भागात कापतो आणि दीड मीटर एक दशांश सेकंदात. दोन्ही बाबतींत वळण पाहून बॅट हलवायला वेळ नाही. म्हणून पुढे गेलेला फलंदाज वळणाला उत्तर देत बसत नाही, वळायला जागाच ठेवत नाही. उलट टप्पा स्टंपपासून 5 मीटरवर पडला, तर मागे सरकून खेळणाऱ्याला पाव सेकंदाहून जास्त वेळ मिळतो. तेवढ्यात वळण पाहून बॅट हलवता येते. धोका असतो तो मधल्या जागेत, जिथे टप्पा जवळ नाही आणि पाहायला वेळही नाही. ‘पुढे जा नाहीतर मागे जा, मध्ये लटकू नकोस’ असं प्रशिक्षक सांगतात, त्यामागे हाच हिशोब आहे.

पहिली कडी: डोकं

माणसाचं डोकं पाच किलोच्या आसपास असतं, वर हेल्मेट असतं आणि हे सगळं वजन शरीराच्या सर्वांत वरच्या टोकाला असतं. त्यामुळे डोकं जिकडे झुकतं तिकडे शरीराचा तोल जातो आणि पाय त्या तोलाला सावरायला जातात. नवखा फलंदाज सहसा उलट क्रम लावतो. तो आधी पाय फेकतो आणि डोकं मागेच ठेवतो. पाऊल पुढे पडलेलं दिसतं, पण वजन मागच्या पायावर असतं, पुढचा गुडघा ताठ असतो आणि खांदे मागे कललेले असतात. वरवर पुढे गेल्यासारखं वाटलं तरी बॅट अजून क्रीजजवळच असते, कारण बॅट खांद्यांना टांगलेली आहे आणि खांदे डोक्यामागे चालतात.

क्रम असा हवा: चेंडू हातातून सुटला की टप्प्याचा अंदाज घ्यायचा, डोकं आणि पुढचा खांदा चेंडूच्या रेषेकडे न्यायचा आणि पाय त्यांच्यासोबत जाऊ द्यायचा. चेंडू बॅटला लागण्याच्या क्षणी पुढचा गुडघा वाकलेला असतो, डोकं त्या गुडघ्याच्या वर किंवा जरासं पुढे असतं आणि डोळे खाली, बॅट-चेंडूच्या भेटीवर असतात. मागच्या पायाची टाच उचललेली असते, पण बोटं जमिनीला आणि क्रीजच्या आतच टेकलेली असतात. ती क्रीजच्या बाहेर आली आणि चेंडू चुकला, तर यष्टिरक्षक यष्टिचीत करतो.

पाऊल कुठे पडावं? चेंडूच्या रेषेच्या अगदी शेजारी, पण रेषेवर नाही. रेषेवर पाय पडला की बॅटला यायला वाटच उरत नाही आणि ती पायाला वळसा घालून तिरकी येते. पायाचा अंगठा साधारण कव्हर आणि मिडऑफ यांच्या मधल्या दिशेला असला की गुडघा सहज वाकतो.

डोक्याची दुसरी गोष्ट म्हणजे डोळे समपातळीत असणं. स्टान्स घेतल्यावर नवख्या फलंदाजाचं डोकं अनेकदा ऑफच्या बाजूला कललेलं असतं. तोल तिकडे ढळला की शरीर ऑफस्टंपच्या पलीकडे कोसळतं. मग मधल्या स्टंपवरचा चेंडू डोळ्यांच्या रेषेच्या डावीकडून येतो आणि तो अडवायला बॅट पुढच्या पॅडला वळसा घालून आडवी आणावी लागते. पायचीत होणाऱ्या नवख्या फलंदाजांपैकी कितीतरी जण चेंडूच्या वेगाने फसत नाहीत, तर अशा ढळलेल्या डोक्याने फसतात. तपासायचं असेल तर स्टान्स घेऊन मित्राला समोरून मोबाइलवर फोटो काढायला सांगा. दोन्ही डोळ्यांमधून ओढलेली रेषा जमिनीला समांतर आहे का, ते पाहा.

‘चेंडूवरून नजर हटवू नकोस’ हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण डोळे खरंच तसं करतात का, हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञ मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी मोजून पाहिलं. फलंदाजांच्या डोक्यावर नजर टिपणारा कॅमेरा बसवून केलेला त्यांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की फलंदाज चेंडू सुटताना पाहतो, मग त्याची नजर चेंडूला मागे टाकून टप्प्याच्या जागी आधीच जाऊन थांबते, आणि टप्पा पडल्यावर ती पुन्हा चेंडूबरोबर चालते. सरस फलंदाजाची नजर टप्प्याकडे लवकर उडी मारते. नवख्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. नजरेने घेतलेला टप्प्याचा अंदाज हीच डोक्याला पुढे न्यायची सूचना आहे. टप्पा उशिरा ओळखला की डोकं उशिरा निघतं आणि मग हातांना घाई करावी लागते.

दुसरी कडी: सरळ बॅट

सरळ बॅट म्हणजे चेंडूच्या मार्गात उभी धरलेली, गोलंदाजाकडे तोंड केलेली बॅट. ती का हवी, हे आकड्यांत पाहिलं की पटकन पटतं. टप्प्याचा अंदाज वीतभर चुकला तर चेंडूच्या उंचीत मोठा फरक पडतो. मैदानावरच्या मातीच्या किंवा मॅटिंगच्या खेळपट्टीवर तर उसळीचा भरवसा आणखी कमी. बॅटचं पातं अर्ध्या मीटरहून लांब असतं. ते उभं धरलं, तर घोट्यापासून मांडीपर्यंत चेंडू कुठेही उसळला तरी बॅट तिथे आहे. तीच बॅट आडवी धरली की उंचीच्या चुकीला फक्त 10.8 सेंटीमीटरची रुंदी उरते.

दुसरं कारण वेळेचं आहे. आडवी फिरणारी बॅट चेंडूची रेषा एकाच क्षणी ओलांडते. त्या क्षणी चेंडू तिथे नसला तर चुकला. सरळ येणारी बॅट मात्र चेंडूच्या रेषेतच मागून पुढे चालते. तुम्ही थोडे लवकर आलात किंवा थोडे उशिरा, बॅट रेषेतच असते. नवख्याची वेळ साधलेली नसते, म्हणून त्याला ही सवलत सर्वांत जास्त लागते.

बॅट सरळ यायला दोन गोष्टी पुरतात. एक, मागे उचललेली बॅट पहिल्या स्लिपच्या जरा आतून सुरू होऊन खाली येताना सरळ व्हावी. दुसरी, वरच्या हाताने, म्हणजे उजव्या फलंदाजाच्या डाव्या हाताने, बॅटला मार्ग दाखवावा. या हाताचं कोपर वर आणि गोलंदाजाच्या दिशेला राहिलं की पातं सरळच खाली येतं. ते कोपर बरगड्यांना चिकटलं की खालचा हात हुकूम चालवू लागतो, पातं लेग साइडला वळतं आणि चेंडूला कड लागून तो उलट्या दिशेला उडतो.

आता बॅटचा कल. चेंडू लागताना मूठ पात्याच्या खालच्या टोकापेक्षा पुढे हवी, म्हणजे बॅटचं तोंड किंचित जमिनीकडे पाहील आणि चेंडू खाली जाईल. डोकं गुडघ्यावर असेल तर हा कल आपोआप येतो, कारण हात डोक्याखाली येतात. डोकं मागे राहिलं की मूठ मागे राहते, पात्याचं टोक पुढे जातं आणि बॅटचं तोंड आकाशाकडे होतं. मग अगदी हळू लागलेला चेंडूही वर चढतो आणि गोलंदाज स्वतःच झेल घेतो.

बॅट आणि पॅड यांच्यातल्या जागेचाही विचार हवा. बॅट पॅडच्या शेजारी, पण किंचित पुढे असावी. दोघांमधून चेंडू जाईल एवढी फट नको. पूर्वी पाऊल लांब पुढे टाकून, पॅड पुढे आणि बॅट पॅडमागे लपवून फिरकी अडवणारे फलंदाज बरेच होते, कारण एवढ्या पुढे लागलेल्या चेंडूवर पायचीत द्यायला पंच कचरत. डीआरएस आल्यावर चेंडू पुढे कुठे गेला असता हे पडद्यावर दिसू लागलं आणि ती सवलत बहुतांशी संपली. बॅटने खेळणं हाच आता सुरक्षित मार्ग आहे. नवख्याने पहिल्यापासून तोच गिरवावा.

तिसरी कडी: मऊ हात

आता मूळ कोड्याकडे येऊ. चेंडू मधोमध लागला, बॅट सरळ होती, तरी तो उडाला का?

बॅट आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाचा साधारण हजारावा भाग टिकतो. एवढ्या वेळात हाताने काही ठरवून करणं शक्य नाही. स्पर्श होण्याआधी बॅट कशी चालली होती, यावरच बरंचसं ठरतं. तीन फलंदाज घेऊ. तिघांकडेही तोच चेंडू टप्पा पडून सेकंदाला 15 मीटर वेगाने येतोय, पण या वेळी तो जरा आखूड पडला आहे आणि गुडघ्याच्या उंचीवर, जमिनीपासून 45 सेंटीमीटरवर बॅटला लागतो. स्थिर बॅटवरून चेंडू आलेल्या वेगाच्या सुमारे पाव वेगाने परततो असं धरू. खरा हिस्सा बॅट आणि लागण्याची जागा यांनुसार कमी-जास्त होतो. चेंडू बॅटवरून आडवा निघाला असंही मानू, म्हणजे हिशोब सोपा होईल.

पहिल्याने बॅट रेषेत आणून थांबवली. चेंडू सेकंदाला पावणेचार मीटर वेगाने परततो. 45 सेंटीमीटरवरून खाली पडायला त्याला तीन दशांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो 1.1 मीटर जातो आणि जमिनीला टेकतो.

दुसऱ्याने बॅट चेंडूकडे ढकलली, सेकंदाला 4 मीटर वेगाने. प्रेक्षकाला हा धक्का जाणवणारही नाही, इतका तो छोटा आहे. पण आता चेंडूच्या वेगात बॅटचा वेग आणि त्यावर आणखी पाव हिस्सा जमा होतो. चेंडू सेकंदाला पावणेनऊ मीटर वेगाने निघतो आणि 2.6 मीटरनंतर जमिनीला लागतो. दोन मीटरवर उभ्या असलेल्या सिली पॉइंटजवळून जाताना तो अजून जमिनीपासून 19 सेंटीमीटर वर असतो. झेल.

तिसऱ्याने स्पर्शाच्या क्षणी बॅट अगदी थोडी, सेकंदाला दीड मीटर वेगाने मागे जाऊ दिली. चेंडू सेकंदाला दोन मीटरपेक्षाही कमी वेगाने परततो आणि अर्ध्या मीटरवर पडतो. वाकून बसलेल्या क्षेत्ररक्षकाला तो डोळ्यांदेखत दिसतो, पण हात पोहोचत नाही.

बांधकामावर वरच्या मजल्यावरून टाकलेली वीट खाली झेलणारा मजूर हात ताठ ठेवत नाही. वीट हाताला लागते त्या क्षणी तो हात तिच्याबरोबर खाली नेतो, म्हणून वीट तळहातावर आपटत नाही, विसावते. मऊ हातांचं काम हेच आहे. चेंडूचा वेग बॅटने परत द्यायचा नाही, आपल्यात सामावून घ्यायचा.

हे साधायचं कसं? पकड सैल ठेवून, विशेषतः खालच्या हाताची. वरच्या हाताची मूठ पक्की, पण आवळलेली नाही. खालच्या हाताचा फक्त अंगठा आणि पहिली दोन बोटं हँडलला टेकलेली. उजव्या हाताची जोर लावणारी बोटं अशी सुटली, की तो हात ढकलूच शकत नाही. घट्ट पकडीचा खरा तोटा इथे आहे. आवळलेली मूठ, ताठ मनगट आणि ताठ कोपर मिळून बॅटला चेंडूकडे ढकलतात, आणि वर पाहिलं त्याप्रमाणे तो छोटा धक्काच चेंडू उडवतो.

आणि हात कडक होतात कधी? चेंडू दूर असल्यावर. डोकं मागे राहिलं की फलंदाजाला चेंडूपर्यंत पोहोचण्यासाठी हात लांबवावे लागतात. लांबवलेला हात आपोआप ताठ होतो, खालचा हात जोर लावतो आणि बॅट शरीरापासून दूर, पॅडपुढे एकटीच जाते. ‘मऊ हातांनी खेळ’ असं कितीदाही सांगितलं, तरी डोकं मागे असणाऱ्याला ते जमत नाही. डोकं पुढे नेलं की चेंडू डोळ्यांखाली येतो, हात लांबवायची गरज उरत नाही आणि ते सैल राहतात. बॅटने चेंडूला शोधत जायचं नाही. चेंडू डोळ्यांखाली येऊ द्यायचा आणि तिथे बॅट भेटवायची.

मऊ हातांना एक मर्यादा आहे. बारीक कड लागते तेव्हा चेंडू बॅटवर थांबत नाही, नुसता घासून जातो आणि त्याचा बहुतेक वेग शाबूत राहतो. तिथे सैल हातांचा उपयोग थोडाच. जाड कड लागते तेव्हा मात्र फरक पडतो. चेंडू स्लिपच्या आधी टप्पा घेतो आणि फलंदाज वाचतो.

बेंगळुरू, मार्च 1987

या तिन्ही कड्या एकत्र कशा चालतात आणि कुठे थांबतात, हे पाहायचं तर सुनील गावसकर यांची शेवटची कसोटी खेळी समोर ठेवावी. मार्च 1987 मध्ये बेंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध पाचवी कसोटी झाली. आधीचे चारही सामने अनिर्णित राहिले होते. खेळपट्टी चेंडू भरपूर वळवणारी, उसळीचा नेम नसलेली. पाकिस्तानचा पहिला डाव 116 धावांत संपला, भारताचा 145 मध्ये. चौथ्या डावात भारताला जिंकायला 221 धावा हव्या होत्या आणि समोर डावखुरा फिरकीपटू इक्बाल कासिम आणि ऑफस्पिनर तौसीफ अहमद होते. दोघांनी त्या सामन्यात प्रत्येकी नऊ बळी घेतले.

गावसकरांनी 264 चेंडू खेळून 96 धावा केल्या. इतके चेंडू खेळायचे म्हणजे बॅटभोवती उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांपुढे शेकडो वेळा चेंडू पायाशी मारायचा. प्रत्येक वेळी टप्पा जवळ असेल तर डोकं चेंडूवर, नसेल तर मागे सरकून बॅट उशिरा आणि खाली झुकलेली. तासन्‌तास ते हात सैल राहिले म्हणून एवढे चेंडू निभावले. अखेर कासिमच्या चेंडूवर, चांगल्या टप्प्यावरून अचानक उसळी घेतल्याने, त्यांचा झेल स्लिपमध्ये गेला आणि भारताचा डाव 204 वर आटोपला. पाकिस्तान 16 धावांनी जिंकला. बचावाचं तंत्र उत्तम असूनही अनपेक्षित उसळी त्याला हरवू शकते, हे त्या शेवटच्या चेंडूने दाखवलं. उसळीची हमी खेळपट्टीकडे असते. तंत्राच्या हाती फक्त चुकीला मिळणारी जागा कमी करणं असतं.

चूक कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

चेंडू कुठे गेला, हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. चेंडू हवेत पुढे उडाला, तर मूठ पात्याच्या मागे राहिली होती किंवा बॅट ढकलली गेली होती. दोन्हींचं मूळ बहुधा मागे राहिलेल्या डोक्यात असतं. सरळ आलेला चेंडू मिडविकेटकडे गेला, तर खालच्या हाताने पातं वळवलं. पॉइंटकडे सरकला, तर पातं उघडं राहिलं किंवा बॅट शरीरापासून दूर खेळली गेली. बॅट-पॅडच्या मधून आत आला, तर पाऊल रेषेच्या खूप बाजूला पडलं किंवा डोकं पुढे गेलंच नाही.

दुसरा साक्षीदार बॅटच आहे. नव्या चेंडूने सराव करा आणि नंतर पात्यावरचे लाल ठसे पाहा. ठसे पात्याच्या खालच्या भागात, टोकाजवळ गोळा झाले असतील, तर तुम्ही चेंडू लांबून, हात पसरून खेळताय. ठसे उजव्या-डाव्या कडेला पांगले असतील, तर बॅट सरळ येत नाहीये. मधोमध, जरा खालच्या अंगाला, उभ्या पट्ट्यात जमलेले ठसे सर्वांत चांगले.

सरावही याच क्रमाने करावा. पहिल्यांदा चेंडू नकोच. आरशासमोर पुढचं पाऊल टाकून थांबा आणि नाक, गुडघा आणि पायाचा अंगठा एका उभ्या रेषेत आहेत का ते पाहा. मग जोडीदाराला पाच-सहा मीटरवरून हाताने हळू, एक टप्पा पाडून चेंडू टाकायला सांगा. फक्त वरच्या हाताने बॅट धरा आणि अडवा. एका हाताने बॅट धरली की ढकलणं जवळजवळ अशक्य होतं, आणि कोपर वर गेल्याशिवाय बॅट सरळ येतच नाही. बॅट जड वाटली तर ती हँडलवर खाली धरा.

शेवटी क्रीजपुढे चुन्याने दीड मीटरवर एक रेघ मारा आणि दोन्ही हातांनी खेळून चेंडू त्या रेघेच्या आत थांबवायचा प्रयत्न करा. रेघ ओलांडली की हात कडक झाले असं समजा, आणि पुढच्या चेंडूला हाताऐवजी डोक्याकडे लक्ष द्या. नेटमध्ये जोरात मारण्याची सवय असलेल्यांना हा सराव सुरुवातीला अवघड जातो, कारण इथे यश म्हणजे कमी अंतर.

चौकट: एका नजरेत

- टप्पा ओळखा. जवळ असेल तर पुढे, लांब असेल तर मागे, मध्ये अडकू नका.
- आधी डोकं आणि खांदा रेषेकडे, मग पाय. डोकं वाकलेल्या गुडघ्यावर, डोळे समपातळीत.
- पाऊल चेंडूच्या रेषेच्या शेजारी. मागच्या पायाची बोटं क्रीजच्या आत.
- वरचं कोपर उंच, पातं सरळ, मूठ पात्याच्या पुढे. बॅट-पॅडमध्ये फट नको.
- खालचा हात फक्त अंगठा आणि दोन बोटं. बॅट चेंडूकडे ढकलू नका.
- चेंडू दीड मीटरच्या आत थांबला, तर हात मऊ होते.

आणि जिथे हा फटका लागत नाही

ऑफस्टंपच्या बरंच बाहेर पडून बाहेरच जाणारा चेंडू अडवायची गरज नसते. तो सोडून द्यावा. त्याच्यामागे बॅट नेली तर डोकं रेषेत जाऊ शकत नाही आणि हात लांबवण्यावाचून पर्याय उरत नाही. आखूड पडून छातीकडे चढणारा चेंडू मागच्या पायावरचा. तिथे पुढे आलेला फलंदाज स्वतःहून अडचणीत येतो. फॉरवर्ड डिफेन्स हा टप्पा जवळ पडलेल्या, स्टंपकडे येणाऱ्या किंवा त्यांच्या अगदी बाहेरून जाणाऱ्या चेंडूंचा फटका आहे. त्यामुळे नवख्या फलंदाजाचं पहिलं काम बॅट हलवणं हे नसून टप्पा ओळखणं हे आहे. टप्पा बरोबर ओळखला तर डोकं वेळेवर निघतं, आणि डोकं वेळेवर निघालं तर बॅट आणि हात यांच्याबद्दल फारसं सांगावं लागत नाही.